लघवीच्या रिपोर्टमधलं ‘निल’ आणि व्हिटॅमिन सीची गोळी

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त, रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.) हातात एका हेल्थ चेकअप पॅकेजची जाडजूड फाईल होती. बोलता बोलता सहज म्हणाले, “डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी एकदा सकाळी लघवी लालसर झाली होती. एकदाच. दुखलं वगैरे काही नाही. मी घाबरून हे पॅकेज करून घेतलं. पण बघा ना, रिपोर्ट एकदम क्लीन आहे.”

लघवीच्या पानावर खरोखरच ‘ब्लड: निल’ असं छापलेलं होतं. त्यावर त्यांना फोनवर सल्लाही मिळाला होता : “काळजीचं कारण नाही, पाणी भरपूर प्या.”

मी विचारलं, “काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

“बीपीची एक. बाकी काही नाही.”

“आणि शक्तीच्या, व्हिटॅमिनच्या वगैरे?”

“ती काय गोळी झाली का? व्हिटॅमिन सी घेतो, सकाळ-संध्याकाळ. कोविडपासूनची सवय आहे.”

पाचशे मिलिग्रॅमची चघळायची गोळी, दिवसातून दोन. पुण्यात 9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले आणि त्यानंतर ही नारिंगी गोळी घराघरांत पोचली. साथ गेली, गोळी राहिली. अनेक घरांत ती आता औषधांच्या डब्यात नसते, डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी असते. म्हणूनच “गोळ्या कोणत्या?” या प्रश्नाच्या उत्तरात ती येत नाही.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, लघवी डोळ्यांना लाल दिसली असेल तर पट्टी काहीही म्हणो, तपास पूर्ण करायचाच. दोन, व्हिटॅमिन सी तीन दिवस बंद ठेवून लघवी पुन्हा तपासायची, आणि या वेळी ताजी, मायक्रोस्कोपखाली. तीन दिवसांनी त्याच माणसाच्या लघवीत पट्टीवर रक्त दोन प्लस आलं आणि मायक्रोस्कोपखाली एका दृष्टिक्षेत्रात पंधरा-वीस तांबड्या पेशी दिसल्या. पुढे सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झाली. मूत्राशयात एक लहान गाठ होती. ती दुर्बिणीतूनच काढता आली. लवकर सापडली म्हणून.

दोन महिने ती गाठ एका छापील ‘निल’च्या मागे लपून बसली होती. माझं भांडण या ‘निल’शी आहे. पट्टीशी नाही, कारण पट्टी बिचारी तिला जे जमतं ते इमानदारीने करते. ती नेमकं काय करते हे न विचारता तिचा रंग निदान म्हणून छापणाऱ्यांशी आणि ते तसंच वाचणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

पट्टीवर नेमकं काय घडतं?

लघवी तपासायची प्लास्टिकची पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर दहा-अकरा छोटे चौकोन चिकटवलेले असतात. प्रत्येक चौकोन म्हणजे रसायनात भिजवून वाळवलेला कागदाचा तुकडा. लघवीत बुडवली की चौकोनांचे रंग बदलतात आणि बाटलीवरच्या रंगांच्या तक्त्याशी ते ताडून पाहतात. मोठ्या लॅबमध्ये हेच काम मशीन करतं. आज मी फक्त दोन चौकोनांबद्दल बोलणार आहे, साखरेचा आणि रक्ताचा. या दोघांची मेख एकच आहे.

आधी साखरेचा चौकोन. त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम असतं. लघवीत ग्लुकोज असेल तर हे एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. चौकोनात दुसरं एन्झाइम असतं, पेरॉक्सिडेज. ते या पेरॉक्साइडच्या मदतीने शेजारच्या रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि रंग उमटतो. जितकी साखर जास्त, तितका रंग गडद.

आता रक्ताचा चौकोन. इथे पेरॉक्साइडच्या जातीचं एक रसायन कागदात आधीच भरलेलं असतं, फक्त ते पुढे ढकलणारं एन्झाइम नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा भाग पेरॉक्सिडेजसारखंच काम करू शकतो. म्हणजे लघवीत रक्त असेल तर हीम हे काम अंगावर घेतो, रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि पिवळा चौकोन हिरवा, मग निळसर होतो.

म्हणजे दोन्हीकडे शेवटची पायरी एकच आहे : रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण झालं, तरच रंग दिसणार. पट्टी साखर ‘पाहत’ नाही आणि रक्तही ‘पाहत’ नाही. ती फक्त ही शेवटची पायरी झाली की नाही एवढंच सांगते. ही पायरी अडवणारं काही लघवीत असेल, तर रक्त असूनही ‘निल’ येतं. ही पायरी परस्पर करून टाकणारं काही असेल, तर रक्त नसूनही ‘प्लस’ येतं.

पहिला लबाड : व्हिटॅमिन सी

व्हिटॅमिन सी, म्हणजे अॅस्कॉर्बिक अॅसिड, स्वतः ऑक्सिडीकृत व्हायला अगदी उतावीळ असतं. जाहिरातीत त्याला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात ते याचसाठी. पट्टीवरही ते तेच करतं. रंगद्रव्याचा नंबर लागण्याआधी ते मध्ये घुसतं आणि पेरॉक्साइड स्वतःच वापरून टाकतं. रंगद्रव्य कोरडं राहतं, चौकोन पिवळाच राहतो आणि मशीन छापतं : निल.

किती व्हिटॅमिन सी लागतं याला? तुमच्या-आमच्या शरीराची रोजची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आतच आहे. शरीर त्याचा फार साठा करत नाही, जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं. आपल्या काकांचा हिशोब करू. दिवसाला 1000 मिलिग्रॅम. समजा त्यातलं निम्मं, 500 मिलिग्रॅम, लघवीतून बाहेर पडलं आणि दिवसभराची लघवी दीड लिटर झाली. म्हणजे दर 100 मिलिलिटर लघवीत सरासरी 33 मिलिग्रॅम. गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत, किंवा पाणी कमी प्यायलेल्या दिवशी, ते याहून बरंच वर जाईल. आणि साध्या पट्ट्यांमध्ये दर 100 मिलिलिटरला 25 ते 50 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असलं की गडबड सुरू होऊ शकते. रक्त किंवा साखर थोडीशीच असेल तर ती पूर्ण झाकली जाते, भरपूर असेल तर कमी दिसते. झाकली जाते ती नेमकी सुरुवातीची, लवकर पकडायची अवस्था.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी पोह्यांवर लिंबू पिळायचं बंद करेल. एका लिंबात वीस-तीस मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. रोजच्या जेवणातलं लिंबू, कोशिंबीर, एखादं संत्रं यांनी पट्टी सहसा फसत नाही. मोठा कच्चा आवळा किंवा आवळ्याच्या रसाचा ग्लास असेल तर तपासणीच्या आदल्या दिवशी तेवढा टाळा. खरा प्रश्न आहे तो गोळ्यांचा, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या टॅब्लेटचा आणि शिरेतून दिलेल्या व्हिटॅमिन सीच्या ‘ग्लो ड्रिप’चा.

आणखी एक गंमत सांगतो. जुन्या पुणेकरांना आठवत असेल, पूर्वी साखर तपासायला बेनेडिक्टचं निळं द्रावण वापरत. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. त्या चाचणीत लघवीतला पदार्थ तांब्याच्या क्षाराचं क्षपण करतो आणि त्यातून रंग येतो. व्हिटॅमिन सी हेही क्षपण करतं. त्यामुळे बेनेडिक्टमध्ये व्हिटॅमिन सी साखर *नसताना* साखर दाखवायचं. 1956 साली अमेरिकेत ग्लुकोज ऑक्सिडेजची पहिली पट्टी बाजारात आली आणि हळूहळू उकळण्याची कटकट गेली. तेव्हापासून तेच व्हिटॅमिन सी साखर *असताना* लपवायला लागलं. गोळी तीच, माणूस तोच, खोटं मात्र बरोब्बर उलटं. म्हणून रिपोर्ट वाचताना ‘चाचणी कोणत्या पद्धतीने केली’ हा प्रश्न फालतू नाही.

दुसरा लबाड : बाटली

आता उलटी बाजू. रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण परस्पर करून टाकणाऱ्या वस्तूही आपल्या घरात असतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे ब्लीच. घरातली कफ सिरपची जुनी बाटली किंवा जॅमची बरणी ब्लीचच्या पाण्याने ‘स्वच्छ’ धुऊन त्यात लघवी आणणारे पेशंट मी पाहिले आहेत. हेतू चांगलाच असतो. पण ब्लीचचा अंश राहिला तर तो कुठल्याही साखरेशिवाय आणि कुठल्याही रक्ताशिवाय रंगद्रव्याला रंगवतो. रिपोर्ट येतो : साखर प्लस, रक्त प्लस. घरात मधुमेह नाही, कुठे दुखत नाही, आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. त्वचेला लावायचं आयोडीनचं तपकिरी जंतुनाशक नमुन्यात गेलं तरी रक्ताचा चौकोन रंगू शकतो. मासिक पाळीचं रक्त तर खरंच रक्त असतं, फक्त ते लघवीतलं नसतं. म्हणून पाळीच्या दिवसांत आणि त्यानंतर दोन-तीन दिवस ही तपासणी करू नये.

एका खोट्या प्लसकडे मात्र दुर्लक्ष करणं जिवावर येऊ शकतं. रक्ताचा चौकोन हीम ओळखतो, रक्तपेशी नाही. आपल्या स्नायूंमध्येही हीम असलेलं एक प्रथिन असतं, मायोग्लोबिन. कित्येक महिने बसून असलेला तरुण एके दिवशी जिममध्ये पहिल्याच दिवशी दोन तास वजनं उचलतो, किंवा मित्रांच्या पैजेवर सिंहगड धावत चढतो-उतरतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि लघवी काळ्या चहासारखी. पट्टीवर रक्त तीन प्लस येतं, पण मायक्रोस्कोपखाली तांबडी पेशी एकही नाही. इथे “स्टोन असेल” म्हणून घरी पाठवणं चूक आहे आणि “पट्टी खोटी बोलली” म्हणून सोडून देणं तर त्याहून मोठी चूक. स्नायू फुटून मायोग्लोबिन लघवीत उतरलंय अशी शंका घेऊन त्याच दिवशी रक्तात सीपीके आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिका खराब करू शकतं.

मग माझा आक्षेप कशावर?

यातलं काहीही नवीन नाही. पट्टीच्या प्रत्येक बाटलीसोबत जो घडी घातलेला कागद येतो, त्यावर व्हिटॅमिन सी, ब्लीच, मायोग्लोबिन यांची माहिती बारीक अक्षरांत दिलेली असते. पट्टी बनवणाऱ्याने सांगायचं ते सांगितलंय. तो कागद लॅबच्या कचऱ्याच्या डब्यात जातो आणि पेशंटच्या हातात येतं ते गुळगुळीत कागदावरचं ‘निल’.

इतकंच नाही. काही पट्ट्यांमध्ये रक्ताच्या चौकोनावर आयोडेटचा थर असतो. तो व्हिटॅमिन सीला आधीच खलास करतो, त्यामुळे त्या पट्ट्या सहजासहजी फसत नाहीत. काही पट्ट्यांवर अकरावा चौकोन खास व्हिटॅमिन सी मोजण्यासाठीच असतो. तो रंगला तर तंत्रज्ञाला लगेच कळतं की आजच्या ‘निल’वर भरवसा ठेवायचा नाही. म्हणजे उपाय उपलब्ध आहे. पण त्या अकराव्या चौकोनाचा निकाल छापलेला रिपोर्ट माझ्या टेबलावर किती वेळा येतो? जवळजवळ कधीच नाही. वीस पानांच्या फाईलमध्ये लघवीचा रंग, वास, गढूळपणा सगळं छापायला जागा असते. ज्या एका ओळीने बाकीच्या ओळी खऱ्या की खोट्या ते ठरतं, त्या ओळीला जागा नसते.

दुसरा आक्षेप मायक्रोस्कोपबद्दल. पट्टीवर ‘निल’ आलं की काही ठिकाणी मायक्रोस्कोपचा रकानाही तसाच ‘निल’ भरला जातो, असा माझा दाट संशय आहे. लघवी फिरवून तळाचा साका काचेवर घेऊन पाहणं हे दहा मिनिटांचं काम आहे. एका दृष्टिक्षेत्रात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी दिसल्या तर त्याचा तपास करावा लागतो. पण हे काम *वेळेवर* झालं पाहिजे. सकाळी सात वाजता घरून गोळा केलेला नमुना स्कूटरच्या डिकीत पुणे शहर फिरून दुपारी एक वाजता लॅबला पोचला, तर पातळ लघवीतल्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात. मग पट्टी म्हणते रक्त आहे आणि मायक्रोस्कोप म्हणतो पेशी नाहीत, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. साध्या, न थंडावलेल्या नमुन्याची तपासणी दोन तासांच्या आत व्हायला हवी.

तिसरा आक्षेप आम्हा डॉक्टरांवर. “व्हिटॅमिनच्या गोळ्या घेता का?” हे विचारायला पाच सेकंद लागतात. आम्ही ते विचारत नाही, आणि पेशंट सांगत नाही कारण त्याला ते औषध वाटत नाही. या दोन गप्पांच्या मधल्या फटीत माझ्या काकांची गाठ दोन महिने बसली होती.

माझे काही सहकारी म्हणतात, “असं लिहून तुम्ही लोकांना घाबरवता. पट्टी स्वस्त आहे, झटपट आहे, लाखो लोकांच्या कामाची आहे.” शंभर टक्के मान्य. मी स्वतः रोज वापरतो. पण पट्टी हे दारावरचं वॉचमनचं काम आहे. वॉचमन म्हणाला “कुणी आलं नाही”, तरी घरात पावलांचे ठसे दिसत असतील तर आपण वॉचमनवर विश्वास ठेवून झोपत नाही. लाल लघवी हा ठसा आहे. चाळिशीनंतर, आणि विशेषतः विडी-सिगारेट-तंबाखूची सवय असलेल्यांना किंवा पूर्वी असलेल्यांना, एकदाच का होईना न दुखता लाल लघवी झाली, तर पट्टी निल असो वा तीन प्लस, तपास व्हायलाच हवा.

तुम्ही काय कराल?

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, फसफसत्या टॅब्लेट, मल्टिव्हिटॅमिन हे सगळं लघवीच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. डॉक्टरांनी एखाद्या खास कारणासाठी दिली असेल तर त्यांना विचारून. बंद करायचं विसरलात तर तसं लॅबला सांगा आणि नमुन्याच्या फॉर्मवर लिहायला लावा. बाकीची औषधं, बीपीची, मधुमेहाची, स्वतःहून बंद करू नका.

बाटली लॅबकडूनच घ्या, घरची धुतलेली वापरू नका. जागा साध्या पाण्याने धुवा, लघवीची पहिली धार जाऊ द्या आणि मधली घ्या. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या.

रिपोर्ट हातात आला की दोन प्रश्न विचारा. एक : “मायक्रोस्कोपची तपासणी खरोखर झाली का, आणि नमुना घेतल्यापासून किती वेळात?” दुसरा : “तुमच्या पट्टीवर व्हिटॅमिन सीचा चौकोन आहे का, आणि असेल तर त्यावर काय आलं?” लॅबला हे उत्तर माहीत असायला हवं. माहीत नसेल, तर त्या ‘निल’ची किंमत तुम्हाला कळली.

ते काका आता दर काही महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला येतात. मागच्या वेळी येताना त्यांनी ती नारिंगी गोळ्यांची अर्धी पट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, “ही तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या पेशंटला दाखवायला.” ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि दाखवायची वेळ दर आठवड्याला येते.